पीपीटी वाचून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला काय विचारावे : काँक्रीट मिक्स डिझाइनच्या सेमिनारवरून

प्रश्न : मी सिव्हिलच्या विभागात नव्याने शिकवू लागलो आहे आणि यंदा सेमिनारच्या मूल्यमापनाला बसणार आहे. बरीच मुले पीपीटी शब्दशः वाचून दाखवतात. विषय त्यांना खरोखर समजला आहे की फक्त स्लाइड तयार आहेत, हे दोन-तीन प्रश्नांत कसे ओळखावे? उलटतपासणी केल्यासारखे वाटू नये, अशीही इच्छा आहे.

उत्तर : विद्यार्थ्याने स्वतः दाखवलेल्या स्लाइडवरची एकच अट बदलावी आणि त्या बदलामुळे पुढचे कोणते आकडे हलतील, कोणते हलणार नाहीत, हे त्याला सांगायला लावावे. इतक्या वर्षांत मला याहून खात्रीचा प्रश्न सापडलेला नाही. व्याख्या विचारली तर पाठांतर ऐकायला मिळते, फायदे-तोटे विचारले तर स्लाइडवरचेच पुन्हा ऐकायला मिळते. अट बदलली की मात्र उत्तर कुठेही लिहिलेले नसते आणि ते तिथल्या तिथे तयार करावे लागते. शिवाय प्रश्न त्याच्याच स्लाइडवरचा असल्यामुळे अभ्यासाबाहेरचे विचारले, अशी तक्रार उरत नाही.

सेमिनारमध्ये वारंवार येणारा विषय म्हणजे काँक्रीटचे मिक्स डिझाइन, म्हणून तोच घेऊन दाखवतो. समजा विद्यार्थ्याने समुद्रकिनाऱ्यालगतच्या इमारतीसाठी एम३० काँक्रीटचे डिझाइन मांडले आहे. त्याच्या शेवटच्या स्लाइडवर एक घनमीटर काँक्रीटसाठी सिमेंट ३५० किलो, पाणी १५८ लिटर, वाळू ७०० किलो, खडी १,२४० किलो, थोडे सुपरप्लास्टिसायझर आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ असे आकडे आहेत. त्याआधीच्या एका स्लाइडवर टार्गेट स्ट्रेंथ ३० + १.६५ × ५ = ३८.२५ अशी काढलेली आहे. आयएस १०२६२ प्रमाणे हे सगळे बरोबर आहे, आणि म्हणूनच नुसते वाचून काहीच कळत नाही. बरोबर आकडे मागच्या बॅचच्या पीपीटीतूनही येऊ शकतात.

प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगतो. वाचून दाखवणे हा न समजल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली कितीतरी मुले विषय नीट जाणतात, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की पडद्याचा आधार सोडत नाहीत, कारण तो सोडला तर वाक्य अर्ध्यावर अडकेल अशी त्यांना धास्ती असते. याउलट, अस्खलित इंग्रजीत बोलणारा विद्यार्थी पडद्याकडे न पाहताही केवळ पाठ केलेले म्हणून दाखवत असू शकतो. म्हणून पहिला प्रश्न विचारतानाच मी सांगतो, ‘मराठीत सांगितलेस तरी चालेल, फळ्यावर लिहून दाखवलेस तरी चालेल.’ त्याच वेळी पडदा काळा करायला सांगतो. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना B ही कळ दाबली की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. हे शिक्षा म्हणून करायचे नाही. पडद्यावर मजकूर असेपर्यंत घाबरलेल्या मुलाचे डोळे तिकडेच जातात आणि तो विचार करण्याऐवजी उत्तर शोधत राहतो. पडदा रिकामा झाला की तो तुमच्याकडे पाहून बोलू लागतो.

आता पहिला प्रश्न. ‘मागणी ३० ची आहे, मग तू ३८.२५ साठी का डिझाइन केलेस?’ प्रश्न साधा दिसतो, पण फक्त वाचणारा विद्यार्थी इथे बहुतेक वेळा एकच उत्तर देतो : ‘सर, फॅक्टर ऑफ सेफ्टी.’ हे उत्तर चूक आहे आणि त्यातून बरेच काही कळते. सुरक्षेचा गुणक स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये वेगळा घेतलेला असतो. इथला प्रश्न वेगळा आहे. एकाच मिक्सचे क्यूब कधीच एकसारखे येत नाहीत, ते सरासरीच्या खाली-वर विखुरलेले असतात. सरासरी बरोबर ३० ठेवली तर जवळजवळ निम्मे निकाल ३० च्या खाली येतील. आयएस ४५६ ची अपेक्षा अशी आहे की कॅरॅक्टरिस्टिक स्ट्रेंथच्या खाली ५ टक्क्यांहून जास्त निकाल जाऊ नयेत. त्यासाठी सरासरी वर न्यावी लागते, आणि ती किती वर न्यायची हे विखुरण्यावर, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनवर ठरते. १.६५ हा आकडा त्या ५ टक्क्यांमधून आला आहे.

विद्यार्थ्याने एवढे नेमक्या शब्दांत सांगावे, असा माझा आग्रह नसतो. ‘सगळे क्यूब सारखे येत नाहीत ना सर, म्हणून थोडे वर धरायचे,’ एवढे म्हटले तरी पाया आहे. त्यावर मी अट बदलतो : ‘समजा एका साइटवर काम फार काटेकोर आहे आणि तिथले स्टँडर्ड डेव्हिएशन ५ ऐवजी ३ निघाले. मग?’ समजलेला विद्यार्थी आधी दिशा सांगतो, की टार्गेट खाली येईल, आणि मग आकडा काढतो, ३४.९५. ज्याने मानक उघडून वाचलेले आहे तो त्याही पुढे जाऊन सांगतो, की २०१९ च्या आवृत्तीत दुसरी अट आहे, एम३० साठी ३० अधिक ६.५, म्हणजे ३६.५, आणि दोन्हींपैकी जास्त असेल ते घ्यायचे, म्हणून ३४.९५ चालणार नाही. ही दुसरी अट आठवली नाही म्हणून मी गुण कापत नाही, कारण तो स्मरणाचा भाग झाला. दिशा चुकली, म्हणजे ‘काम काटेकोर असेल तर टार्गेट वाढेल’ असे उत्तर आले, तर सूत्राचा अर्थ पोहोचलेला नाही असे मी धरतो.

दुसरा प्रश्न माझ्या सर्वांत भरवशाचा आहे. ‘तुझे डिझाइन घेऊन आपण साइटवर गेलो. रात्री पाऊस पडला आहे आणि वाळूचा ढीग ओला आहे. तपासल्यावर तिच्यात ५ टक्के मोकळे पाणी निघाले. मिक्सरपाशी उभा राहून काय बदलशील?’ इथे मी मुद्दाम ‘पाणी कमी करशील की जास्त?’ असे विचारत नाही. दोन पर्याय दिले की नुसत्या अंदाजानेही निम्म्या वेळा बरोबर उत्तर येते, आणि परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज बांधण्यात मुले तरबेज असतात.

या प्रश्नाची उत्तरे पायऱ्यापायऱ्यांनी येतात, आणि विद्यार्थी कोणत्या पायरीवर थांबतो ते नीट पाहावे. काही जण म्हणतात, ‘वाळू वाळवून घेऊ.’ साइटवर ते शक्य नसते. त्यांना हळूच सांगावे, की काम आजच करायचे आहे. त्यानंतर बहुतेक जण ‘पाणी कमी घालू’ इथपर्यंत येतात. मग विचारावे, किती कमी? ज्याला आकड्यांमागचे कळले आहे तो ७०० चे ५ टक्के काढून ३५ लिटर सांगतो आणि १५८ मधून ते वजा करून १२३ लिटरवर येतो. इथे पुष्कळ परीक्षक समाधान मानून थांबतात, पण खरी परीक्षा पुढच्याच प्रश्नात आहे : ‘आणि वाळू किती मोजशील?’ डिझाइनमधली ७०० किलो वाळू आतून पाणी प्यायलेली, पण बाहेरून कोरडी अशी धरलेली असते. ओल्या ढिगातली ७०० किलो मोजली तर त्यात सुमारे ३३ किलो पाणीच असते आणि वाळू ६६७ किलो एवढीच पडते. म्हणून ओली वाळू ७३५ किलो मोजावी लागते. ‘पाणी कमी, वाळू जास्त’ या दोन्ही गोष्टी न सांगता ज्याच्या तोंडून येतात, त्याच्या डोक्यात एक घनमीटर काँक्रीटचे चित्र आहे असे खुशाल समजावे. त्याला माहीत असते, की एक घटक कमी पडला तर घनमीटर भरत नाही.

अजून एक पायरी चढायची असेल तर विचारावे, ‘आणि यातले काहीच केले नाही तर?’ तेव्हा मिक्समध्ये १५८ अधिक ३३, म्हणजे १९१ लिटर पाणी जाते आणि गुणोत्तर ०.४५ वरून ०.५५ च्या आसपास पोहोचते. ताकद घटते हे सगळेच सांगतात. पण किनाऱ्यालगतच्या, म्हणजे तीव्र परिस्थितीतल्या आरसीसी कामासाठी आयएस ४५६ ने ०.४५ ही कमाल मर्यादा घातली आहे आणि ०.५५ ही मर्यादा सौम्य परिस्थितीसाठी आहे. म्हणजे रात्रीच्या एका पावसाने किनाऱ्यावरच्या इमारतीत कोरड्या, सुरक्षित जागेसाठी चालेल असे काँक्रीट पडले. हा धागा जोडणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. भेटला तर त्याने सगळ्या स्लाइड वाचून दाखवल्या असल्या तरी मी त्याला उत्तम गुण देतो.

पावसाळ्यातल्या वाळूचा प्रश्न आता बऱ्याच कॉलेजांत माहितीचा झाला आहे आणि त्याचे उत्तरही पाठ होऊ शकते. म्हणून शंका आली की मी तोच प्रश्न उलटा फिरवतो : ‘मे महिना आहे, खडी उन्हात तापून ठणठणीत कोरडी झाली आहे आणि तिचे शोषण १ टक्का आहे. आता?’ पाठ केलेला विद्यार्थी सवयीने पुन्हा ‘पाणी कमी करू’ म्हणतो. समजलेला थोडा थांबतो आणि म्हणतो, की खडी १२ लिटरच्या आसपास पाणी पिऊन टाकेल, स्लम्प कमी होईल, म्हणून तेवढे पाणी जास्त द्यावे लागेल. हे थांबणे तुम्ही ओळखायला शिका. लगेच आलेले उत्तर आणि क्षणभर विचार करून आलेले उत्तर यांत दुसरे अनेकदा जास्त मोलाचे असते. घाईच्या वेळापत्रकात परीक्षक नेमका तो क्षण मोडतात, स्वतःच इशारा देतात आणि मग विद्यार्थ्याने फक्त मान डोलावलेली असते.

तिसरा प्रश्न प्रयोगाच्या निकालांवर विचारावा. २८ दिवसांच्या निकालाच्या स्लाइडवर सहसा फक्त सरासरी असते. फळ्यावर तीन आकडे लिहावेत, ४१, ४० आणि ३०, आणि विचारावे, ‘तुझे तीन क्यूब असे आले, निकाल काय लिहिशील?’ स्लाइडवरची रीत वापरणारा सरासरी ३७ काढतो, ती ३० पेक्षा जास्त म्हणून पास सांगतो आणि मोकळा होतो. पण एका नमुन्याच्या तीन क्यूबपैकी कोणताही सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर नसावा, अशी आयएस ४५६ ची अट आहे. ३७ चे १५ टक्के साडेपाचच्या आसपास होतात, म्हणजे ३१.४५ च्या खालचा क्यूब चालत नाही आणि ३० चा क्यूब त्याच्याही खाली आहे. हा निकाल ग्राह्यच धरता येत नाही, मग पास-नापासाचा प्रश्नच येत नाही. १५ टक्क्यांचा आकडा आठवला नाही तरी हरकत नाही. ‘सर, एकाच काँक्रीटचे क्यूब आहेत, मग हा एकटाच इतका खाली का?’ असा प्रतिप्रश्न आला तर मला हवे ते मिळाले. मग तो कारणे सांगू लागतो, क्यूब भरताना नीट ठोकला नसेल, कडा मोडलेली असेल, मशिनमध्ये मधोमध बसला नसेल. तेव्हा त्याने प्रयोगशाळेत हात घातला आहे हे कळते.

हात घातला आहे की नाही, हे तपासायला दोन अगदी छोटे प्रश्न पुरतात आणि त्यांची उत्तरे कुठल्याही पीपीटीत नसतात. एक, ‘क्यूब मशिनमध्ये ठेवताना थापीने सपाट केलेली बाजू कुठे होती?’ ती बाजू पुरेशी समतल नसते, म्हणून क्यूब आडवा फिरवून साच्याला टेकलेल्या बाजू वरच्या-खालच्या प्लेटला लावतात आणि थापीची बाजू उभी राहते. ज्याने क्यूब स्वतः ठेवला आहे तो हे हाताच्या हालचालीने दाखवतो. दुसरा, ‘मशिनवर आकडा साधारण किती आला होता आणि क्यूब फुटायला किती वेळ लागला?’ १५० मिलिमीटरच्या क्यूबचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर असते, म्हणून ४० ची ताकद म्हणजे ९०० किलोन्यूटन. भार मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १४० किलो या ठरलेल्या गतीने वाढवला तर तिथे पोहोचायला तीनेक मिनिटे लागतात. ‘दहा सेकंदांत फुटला’ असे सांगणाऱ्याने एकतर प्रयोग पाहिलेला नाही, किंवा त्याच्या प्रयोगशाळेत भार फारच घाईने दिला गेला. दुसरी शक्यता खरी असू शकते, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये आणि ‘व्हॉल्व्ह कोण सोडत होते?’ एवढे तरी विचारावे.

उसन्या आकड्यांची एक खूणही सांगून ठेवतो. काही पीपीटींमध्ये खडी आणि वाळू दोन्हींची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.७४ लिहिलेली असते. आयएस १०२६२ च्या २००९ च्या आवृत्तीत दिलेल्या नमुना उदाहरणातले हे आकडे आहेत. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या घट्ट काळ्या बेसॉल्टच्या खडीची बऱ्याचदा २.८ च्या वर भरते. म्हणून ‘ही खडी कुठल्या खाणीतली होती?’ असे सहज विचारावे. नमुना उदाहरण वापरले म्हणून मी दोष देत नाही, ते प्रामाणिकपणे सांगितले तर पुढे जातो. मात्र ‘आमच्याच लॅबमध्ये काढली’ असे उत्तर आले, तर ती कशी काढली याचे दोन वाक्यांत वर्णन मागतो.

उत्तरांचे वजन कसे करावे, हे प्रश्नांइतकेच महत्त्वाचे आहे. मी आधी दिशा पाहतो, मग कारण आणि शेवटी आकडा. फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाची वजाबाकी चुकते, त्याला महत्त्व देऊ नये. १५८ मधून ३५ गेले तर ११३ म्हणणारा पण वाळूचे वजन आपणहून वाढवणारा विद्यार्थी, १२३ अचूक सांगून गप्प बसणाऱ्यापेक्षा पुढे आहे. ‘हे मी पाहिलेले नाही, पण असे असावे, कारण…’ हे उत्तर चांगलेच समजावे. ‘ते आमच्या स्कोपमध्ये नव्हते’ हे उत्तर काही वेळा रास्त असते, पण पाण्याच्या किंवा वाळूच्या प्रश्नावर ते आले तर स्वीकारू नये, कारण ते आकडे त्याच्याच स्लाइडवर आहेत.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. एका प्रश्नावर विद्यार्थी गडबडला म्हणजे त्याला काहीच कळत नाही असे होत नाही, म्हणून किमान दोन वेगळ्या जागी विचारावे, एक डिझाइनमध्ये आणि एक प्रयोगात. डिझाइन कच्चे पण प्रयोग पक्का, असे पुष्कळदा दिसते, विशेषतः डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांमध्ये, आणि ते गुणपत्रिकेत तसेच वेगवेगळे दिसले पाहिजे. गटाचे सादरीकरण असेल तर उलटतपासणीची भावना टाळण्याचा माझा उपाय असा, की पहिला प्रश्न बोलणाऱ्याला विचारायचा आणि तो जिथे थांबेल तिथून पुढची पायरी शेजारी गप्प उभ्या असलेल्याला द्यायची : ‘पाणी १२३ लिटर हे त्याने सांगितले, आता वाळू तू मोज.’ त्यात कोणावर रोख नसतो, गणित एकच असते, आणि चौघांपैकी डिझाइन प्रत्यक्षात कोणी केले हे बहुधा वाळूच्या वजनापाशीच कळते.